कर्जाच्या पाठीवर बसलेला विमा



या खेपेस आलेल्या टपालात एका शेतकरी बंधूंचे सविस्तर पत्र आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळत आहोत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आज कित्येक घरांत निरनिराळ्या रूपाने उभा आहे. म्हणून यावेळचे सारे सदर त्या एकाच पत्राला दिले आहे.

पत्राचा मतलब असा. जुने मातीचे घर पाडून दोन खोल्या आणि वर स्लॅब टाकायचा म्हणून त्यांनी एका बँकेच्या तालुक्याच्या शाखेतून आठ लाखांचे घरकर्ज मागितले. व्याज शेकडा 9, मुदत 15 वर्षे. कार्तिकात सह्या झाल्या. साहेबांनी बोटाने जागा दाखवायच्या आणि यांनी सही करायची, अशा वीस-पंचवीस सह्या. संक्रांतीच्या सुमारास थोरल्या मुलीने खातेउतारा काढून आणला, तेव्हा कर्ज 8,00,000 नव्हे तर 8,40,000 दिसले. वरचे 40,000 रुपये एका विमा कंपनीकडे गेले होते. शाखेत विचारले तर उत्तर मिळाले, "हा विमा सगळ्यांनाच घ्यावा लागतो. तुमची सही आहे." आमचे हे वाचक विचारतात, "सही माझीच आहे, पण विम्याचे कोणी बोललेच नाही. आता हे पैसे परत मिळतील काय? आणि मिळवायचे तर कोणापुढे जायचे?"

पैसे परत मागता येतात. पण आधी हा विमा काय आहे आणि तो सक्तीचा आहे काय, हे नीट समजून घेऊ.

बँकेने सगळ्या कर्जदारांसाठी विमा कंपनीकडून एक सामूहिक पॉलिसी घेतलेली असते. तुम्ही त्या पॉलिसीचे एक सभासद होता. तुम्हाला पॉलिसी मिळत नाही, तर विम्याचे प्रमाणपत्र मिळते. कर्ज फिटण्यापूर्वी कर्जदार दगावला, तर ठरलेली रक्कम विमा कंपनी देते. त्यातून बँकेची बाकी भागते आणि काही उरले तर ते, ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे त्याला मिळते. एकूण कल्पना वाईट नाही. कमावता माणूस गेला तर डोक्यावरचे छप्पर बँकेच्या हाती जाऊ नये, हे कोणाला नको असेल? तक्रार विम्याबद्दल नाही. न विचारता माथी मारण्याबद्दल आहे.

सक्तीचे काय आणि ऐच्छिक काय, हा भेद ध्यानात ठेवा. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल रस्त्यावर आणायची तर त्रयस्थाचा विमा कायद्यानेच हवा. घर गहाण असेल तर त्या घराचा आगीपासूनचा वगैरे विमा उतरवा, अशी अट बँक घालू शकते. परंतु कर्जदाराच्या जिवाचा विमा हा ऐच्छिक आहे. बँकेची सेवा आणि विम्याची खरेदी यांची सांगड घालू नये, विमा घेतला तरच कर्ज असे प्रत्यक्ष वा आडून म्हणू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेले आहे. तेव्हा "सगळ्यांनाच घ्यावा लागतो" हे शाखेचे उत्तर चूक आहे. ते उत्तर साहेबांकडून लेखी मागा, आणि लेखी देतात का ते पाहा.

आता सहीचा प्रश्न. सही असली म्हणजे सारे संपले, असे मानू नका. सही कशावर, काय सांगून आणि कोणत्या भाषेत घेतली, हे पाहावे लागते. त्यासाठी भांडायला जाण्याआधी पाच कागद गोळा करा. कर्जमंजुरीचे पत्र, कर्जाचे मुख्य तथ्य विवरणपत्र, कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा, विम्याचे प्रमाणपत्र आणि विम्यासाठी भरलेल्या सभासद-अर्जाची प्रत. या कागदांची मागणी शाखेकडे लेखी करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

यांतले मुख्य तथ्य विवरणपत्र, बँकवाले ज्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात ते, सर्वांत मोलाचे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या नव्या घरकर्जासारख्या किरकोळ मुदतकर्जांना रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचे केले आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा लागतो आणि समजल्याची पोच घ्यावी लागते. विम्यासारखा तिसऱ्याच्या वतीने घेतलेला खर्चही त्यात वेगळा दाखवावा लागतो आणि वार्षिक खर्चाच्या दरात धरावा लागतो. त्या पत्रकात जो आकार लिहिलेला नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मुदतीत केव्हाही लावता येत नाही. आमच्या या वाचकांनी हा कागद शाखेतून मिळवून 40,000 चा आकडा त्यात कोठे आहे ते पाहावे. नसेल तर त्यांची बाजू फारच भक्कम झाली. असेल, पण कागद इंग्रजीत असेल आणि समजावून दिला नसेल, तरीही म्हणायला जागा आहे. मराठीत असेल, आकडा ठळक असेल आणि खाली सही असेल, तर मात्र वाट बिकट आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

मग विम्याचे प्रमाणपत्र हाती घ्या. पहिली गोष्ट, विम्याची मुदत पाहा. आमच्या वाचकांच्या मुलीने शाखेतून मोबाईलवर प्रमाणपत्राचा फोटो आणला, त्यात मुदत फक्त 5 वर्षे आहे. कर्ज आहे 15 वर्षांचे. हिशेब करून पाहू. आठ लाखांवर 15 वर्षांचा हप्ता होतो महिना सुमारे 8,114 रुपये. आठ लाख चाळीस हजारांवर होतो सुमारे 8,520. म्हणजे विम्यापायी हप्ता 406 रुपयांनी वाढला. 180 हप्त्यांत ते सुमारे 73,000 रुपये होतात. विमा सरेल पाचव्या वर्षी, पण त्याच्या पैशांचे हप्ते त्यापुढे दहा वर्षे चालू राहतील. छत्री फाटून गेली आणि तिची उधारी फेडणे चालूच, असा हा प्रकार. शिवाय बहुधा हे विमाछत्र कर्जाच्या बाकीबरोबर उतरत जाणारे असते, ते प्रमाणपत्राला जोडलेल्या तक्त्यात दिसते.

दुसरी गोष्ट, नॉमिनीचे नाव. ते कोरे असेल किंवा नावच चुकीचे असेल, तर अर्ज कोणीतरी बसल्या जागी भरल्याची ती खूण आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. सभासद-अर्जात प्रकृतीविषयी एक निवेदन असते, "मला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार नाही" अशा मजकुराचे. आमचे वाचक लिहितात की ते तीन वर्षांपासून साखरेची गोळी घेतात आणि हे त्यांना कोणी विचारले नाही. अर्जावर मात्र "नाही" असे आहे. आता पाहा, पहिल्या तीन वर्षांत खोटी माहिती दिली या कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारता येतो. म्हणजे देव न करो, पण उद्या काही बरेवाईट झाले, तर वहिनी प्रमाणपत्र घेऊन जातील आणि कंपनी त्या अर्जावर बोट ठेवील. ज्या विम्यापायी 73,000 रुपये जाणार, तो वेळेला उपयोगी पडेलच याची खात्री नाही. न विचारता विकलेल्या विम्याचे खरे दुखणे हे आहे. आणि तक्रारीतही हा मुद्दा वजनदार ठरतो, कारण प्रकृतीविषयीचा प्रश्न खरोखर विचारला असता तर "हो" असे उत्तर आले असते.

चौथी गोष्ट, भाषा. अर्ज इंग्रजीत आणि सही मराठीत असेल, तर "मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला" असे दुसऱ्या कोणाच्या तरी सहीचे निवेदन बहुधा खाली असते. ते कोरे आहे काय, किंवा ज्याला तुम्ही ओळखतही नाही अशाची सही आहे काय, ते पाहा.

आता पैसे परत घेण्याच्या वाटा. त्या तीन आहेत, आणि कोणत्या वाटेने जातो यावर किती पैसे मिळणार हे ठरते.

पहिली वाट सर्वांत सोपी. विम्याचा कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत, पसंत नसेल तर तो परत करता येतो. याला फ्री लूकची मुदत म्हणतात. ही 30 दिवसांची तरतूद विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांत आहे. सामूहिक विम्याच्या प्रमाणपत्रावरही सभासदासाठी तशी अट छापलेली असते, ती आपल्या प्रतीवर वाचा. या मुदतीत रद्द केल्यास विमा चालू होता तेवढ्या दिवसांचा जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढेच कापून बाकी रक्कम मिळते. आमचे वाचक म्हणतील, कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत दोन महिने होऊन गेले. पण मुदत मोजायची ती कर्जाच्या तारखेपासून नव्हे, कागद मिळाल्यापासून. त्यांना तर प्रमाणपत्र घरी आलेच नाही. कंपनी कदाचित म्हणेल, ईमेलने पाठवले. तर मग कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या तारखेला, याचा पुरावा मागा. अर्जात भलत्याच कोणाचा ईमेल घातलेला निघण्याचा संभव असतो. मुलीने फोटो आणला ती तारीख मात्र टिपून ठेवा आणि त्या दिवसापासून 30 दिवसांच्या आत अर्ज पोचवा. हे काम उद्यावर टाकू नका.

दुसरी वाट, संमतीवाचून विकला म्हणून विमा मुळापासून रद्द करून सगळी रक्कम मागणे. ही मागणी मुदत टळल्यावरही करता येते, पण ती तक्रारीची वाट आहे आणि पुराव्यावर चालते.

तिसरी वाट सरेंडरची. म्हणजे विमा मध्येच सोडून देणे आणि उरलेल्या काळाच्या प्रमाणात जे निघेल ते घेणे. यात रक्कम बरीच कमी येते. शाखेत तक्रार घेऊन गेलात की पुष्कळदा गोडीने एक फॉर्म पुढे करतात, "यावर सही करा, पैसे येतील." तो फॉर्म सरेंडरचा आहे काय, ते आधी वाचा. त्यावर सही केली म्हणजे विमा आपण घेतला होता आणि आपखुशीने सोडला, असा अर्थ निघतो, आणि मूळ तक्रार लुळी पडते. कर्ज मुदतीआधी फेडले तर सरेंडर योग्य, आणि तेव्हा ते मागायला विसरू नका. फसवणुकीच्या तक्रारीत ते शेवटचे टोक आहे.

अर्ज विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याला, दोघांनाही एकाच दिवशी द्या. एकालाच दिला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्जाचा नमुना असा:

"मी आपल्या शाखेतून 8,00,000 रुपये घरकर्ज मागितले होते. कर्ज खाते क्रमांक अमुक. खातेउताऱ्यावरून असे दिसते की, तमुक तारखेस 40,000 रुपये विम्याच्या हप्त्यापोटी माझ्या कर्जात मिळवून विमा कंपनीकडे वळते करण्यात आले. प्रमाणपत्र क्रमांक अमुक. हा विमा ऐच्छिक आहे हे मला सांगितले गेले नाही. हप्त्याची रक्कम, मुदत व अटी समजावून दिल्या नाहीत. प्रकृतीविषयी मला प्रश्न विचारला नाही, व त्याविषयी अर्जात लिहिलेला मजकूर माझा नाही. प्रमाणपत्र मला मिळाले नव्हते, त्याची प्रत मला अमुक तारखेस प्रथम पाहावयास मिळाली. तरी, फ्री लूकच्या मुदतीत हा विमा रद्द करावा. मुदत टळली असे आपले म्हणणे असल्यास, संमतीवाचून विकलेला म्हणून तो सुरुवातीपासून रद्द करावा. संपूर्ण रक्कम माझ्या कर्जखात्यात जमा करावी, त्या रकमेवर आजवर आकारलेले व्याज परत करावे, आणि हप्त्यांचा नवा तक्ता द्यावा. हा अर्ज सरेंडरचा नाही. माझ्या सहीचा सभासद-अर्ज व पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात."

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. पैसे कर्जातून गेले होते, म्हणून नुसते 40,000 परत येऊन भागत नाही. मधल्या महिन्यांचे व्याजही यावे आणि हप्ता 8,114 वर उतरावा. नवा तक्ता हाती येईपर्यंत काम पुरे झाले असे समजू नका. फोनचे म्हणाल तर, विमा कंपनी पुष्कळदा पडताळणीसाठी फोन करते आणि आपण शेतात पाणी देता देता "हो, हो" म्हणून टाकतो. तो फोन झाला असेल तर लपवू नका. काय विचारले आणि कोणत्या भाषेत, हे ध्वनिमुद्रणातून कळू द्या. अर्जात खरे नसलेले एकही वाक्य घालू नका. साहेबांनी विम्याचा उल्लेख केला असेल, पण सक्तीचा म्हणून सांगितला असेल, तर तसेच लिहा.

अर्ज हातोहात दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आणि एक गोष्ट, रागाच्या भरात कर्जाचा हप्ता थांबवू नका. हप्ता चुकला की दंड लागतो, पतनोंद बिघडते, आणि तक्रारदार तुम्ही असूनही थकबाकीदार म्हणून बोलणी तुम्हालाच खावी लागतात.

दाद मिळाली नाही तर पुढचे दरवाजे दोन आहेत, कारण देणेकरीही दोन आहेत. विमा कंपनीविरुद्ध विमा नियामक प्राधिकरणाच्या बीमा भरोसा या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते, फोन 155255, संकेतस्थळ bimabharosa.irdai.gov.in. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, पुणे वगैरे ठिकाणी आहेत. फी नाही, वकील लागत नाही. बँकेविरुद्ध तीस दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करावी, संकेतस्थळ cms.rbi.org.in, माहितीसाठी फोन 14448. तेथेही काळाची मर्यादा असते, म्हणून तीस दिवस झाले की लगेच पाठवा. पतसंस्थेचे कर्ज असेल तर हा दरवाजा चालत नाही, तेथे सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावे लागते.

याखेरीज जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि एवढ्या रकमेच्या व्यवहाराला फी पडत नाही. मात्र एकच तक्रार आयोगापुढे आणि लोकपालापुढे एकदम चालवता येत नाही. तेव्हा आधी लोकपाल, तेथे समाधान झाले नाही तर आयोग, हा क्रम बरा. दोन वर्षांचे भान मात्र सुटू देऊ नका.

आता शेवटी एक गोष्ट वाचकांनी आणि वहिनींनी मिळून ठरवायची आहे. विमा रद्द झाला की छत्रही गेले. घरात कमावणारे एकच, वय पन्नाशीकडे झुकलेले, मागे शिकणारी मुले, अशी स्थिती असेल तर विमा मुळीच नको असे आम्ही म्हणणार नाही. पण तो आपण पारखून घ्यावा, प्रकृतीची खरी माहिती देऊन घ्यावा आणि कर्जाच्या मुदतीशी जुळणारा घ्यावा. पन्नाशीच्या आतल्यांना बचत खात्यातून वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे छत्र देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. आठ लाखांच्या कर्जाला ती पुरी पडणार नाही, पण दुसरी सोय होईपर्यंत घर अगदीच उघडे पडणार नाही. म्हणून आधी ही सोय पाहा आणि मगच रद्द करण्याचा अर्ज टाका.

ज्यांचे कर्ज अजून व्हायचे आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. सहीच्या आधी विचारा, "माझ्या हाती पडणार किती आणि खात्यावर लिहिणार किती?" या दोन आकड्यांत फरक निघाला, तर तो कशाचा हे कागदावर दाखवून घ्या. विमा नको असेल तर सभासद-अर्जाच्या प्रत्येक पानावर "विमा नको" असे मराठीत लिहा, त्याखाली सही करा आणि त्याचा फोटो मोबाईलवर ठेवा.